मोटरने फिरणारा क्रँक अर्ध्यात का अडकतो?

फोर बार लिंकेजमध्ये, म्हणजे चार दांड्यांच्या सांधलेल्या चौकटीत, पक्का दांडा म्हणजे फ्रेम 100 मिमी, मोटरने फिरणारा क्रँक 40, फ्रेमला दुसऱ्या टोकाशी जोडलेला रॉकर 60 आणि या दोघांना जोडणारा कपलर 70 आहे. क्रँक पूर्ण फेरी का मारत नाही?

दोष मोटरचा नाही, मापांचा आहे. ग्रासहॉफची अट अशी: सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोघांच्या बेरजेहून जास्त नको. तुमच्याकडे 40 + 100 = 140, उरलेले 70 + 60 = 130. अट मोडते.

प्रत्यक्षात होतं काय, तर क्रँक रॉकरच्या फ्रेमवरच्या खुंटीपासून दूर फिरत जातो. तो अगदी उलट दिशेला पोचला, की क्रँक-कपलरचा सांधा, म्हणजे क्रँकपिन, आणि ती खुंटी यांतलं अंतर 140 होणार. पण कपलर आणि रॉकर सरळ ताणले तरी 130 च पुरतात. म्हणून फ्रेमच्या रेषेपासून साधारण 131 अंशांवर सगळं ताठ होऊन थांबतं.

कपलर 90, रॉकर 80 करा: 140 विरुद्ध 170. क्रँक गरगर फिरेल, रॉकर मागेपुढे झुलेल. बेरजा नेमक्या समान मात्र ठेवू नका. चारही दांडे एका रेषेत आले की रॉकर कुठल्या बाजूला वळेल याचा नेम नसतो.

अट पाळूनही कोणता दांडा पक्का ठेवला यावर चाल ठरते. सर्वांत आखूड दांडा फ्रेम केलात, तर त्याच्या शेजारचे दोन्ही दांडे पूर्ण फिरतात.