‘कंटकचर्मी’ म्हणजे काटे टोचणारे का?

प्रश्न : मुलीच्या शाळेची सहल नागपूरहून मालवणला गेली होती. खडकातल्या डबक्यांचे फोटो आलेत: तारामासा, काळा काटेरी गोळा आणि काकडीसारखं काहीतरी. पुस्तकात तिघांनाही ‘कंटकचर्मी’ म्हटलंय. मग काटा नेमका कोणाचा लागतो?

उत्तर : ‘काटा’ हा संस्कृत ‘कंटक’चाच मराठीत उतरलेला शब्द, त्यामुळे ‘कंटकचर्मी’ वाचताच बाभळीचा काटा डोळ्यांपुढे येतो. शास्त्रात मात्र तो शब्द त्वचेतल्या चुन्याच्या कणांसाठी आणि उंचवट्यांसाठी आहे. समुद्रकाकडीत हे कण इतके सूक्ष्म असतात की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत. नेहमीच्या पाच हातांच्या तारामाशावर बोथट टेंगळं असतात. टोचण्याइतका काटा मुख्यतः समुद्री अर्चिनला, म्हणजे तुमच्या काळ्या गोळ्याला. ‘अर्चिन’चा जुना इंग्रजी अर्थही काटेरी अंगाचा छोटा प्राणी, म्हणजे आपल्याकडचा जाहक, असाच आहे.

फोटोत आधी काट्यांची लांबी बघा. काटे गोळ्याच्या रुंदीपेक्षा कितीतरी लांब, सुईसारखे बारीक आणि काळे असतील, मधोमध नारिंगी कडं व भोवती पाच पांढरे ठिपके दिसत असतील, तर तो डायाडेमा सेटोसम. सर्वांत त्रासदायक जखमा याच्या. काटा पोकळ आणि ठिसूळ असल्याने पाय पडताच आत शिरून तुटतो, सोबत सौम्य विषही जातं. काटे आखूड आणि जाडसर असतील तर अर्चिन दुसरा. तोही टोचतो, पण काटा एवढा सहज तुटत नाही.

‘काट्याने काटा काढावा’ ही आपली म्हण इथे मोडावी लागते. बाभळीचा काटा सुईने उकरून निघतो, हा उकरताना चुरतो आणि तुकडे खोल जातात. बाहेर आलेलं टोक चिमट्याने सरळ ओढावं. मग भाग ४५ अंश सेल्सियसपर्यंतच्या, सोसवेल इतक्याच गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं ठेवावा, वेदना उतरते. पाणी आधी न दुखावलेल्या हाताने तपासावं. जखमेभोवती काळा-जांभळा डाग पडतो, तो बहुधा काट्याचा रंगच असतो. दोन-तीन दिवसांनीही तो तसाच राहिला तर आत तुकडा आहे असं समजून डॉक्टरांकडे जावं. काटा सांध्याजवळ रुतला असेल तर इतकंही थांबू नये.

तारामाशांतला अपवाद लक्षद्वीप-अंदमानच्या प्रवाळांवरचा ‘काटेरी मुकुट’: हात दहाहून अधिक, काटे तीक्ष्ण आणि विषारी. पाच हातांच्या ताऱ्याशी त्याची गल्लत होत नाही.

समुद्रकाकडीला काटा नाही, पण तिच्या अंगातलं विषारी द्रव्य डोळ्यांत गेलं तर डोळे भयंकर चुरचुरतात. फोटोतली वस्तू खरंच तीच का, हे एका टोकाच्या तोंडाभोवतीच्या झुपकेदार शुंडांवरून ओळखा. त्या आत ओढलेल्या असतील तर एका फोटोवरून खात्री देता येत नाही. २००१ पासून सर्व समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून ती डबक्यातून उचलायची नाही, फोटोच काढायचा.