अर्धा मिलिग्रॅम कुठे आणि एक मिलिग्रॅम कुठे?
भूलतज्ज्ञांची प्रश्नोत्तरे

मॅडम, कार्डिअॅक अरेस्टचा फ्लोचार्ट कितीतरी वेळा लिहून काढला, तरी तोंडी परीक्षेत अडखळते. अजून किती वेळा लिहू?
(जीएनएम, तिसरं वर्ष, कणकवली)

आता लिहू नका. वही रूममेटच्या हातात द्या आणि तिला मधल्याच कुठल्यातरी चौकटीपासून विचारायला सांगा: "दोन मिनिटं झाली, मॉनिटरवर व्हीएफ आहे, पुढे?" गणपतीत आरती म्हणताना मधेच कडवं सुटलं की आपण पहिल्यापासून सुरू करतो, तसं तुमचं होतंय. परीक्षक पहिल्यापासून ऐकत बसत नाही.

सरळ रेषेला शॉक द्यायचा का? सिनेमात देतात.
(एएनएम, गुहागर)

नाही. लीड निघालेली नाही ना ते पाहायचं, सीपीआर चालू ठेवायचा आणि ॲड्रेनलिन लवकरात लवकर द्यायचं.

ॲनाफिलॅक्सिसमध्ये ॲड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम, अरेस्टमध्ये एक. वेगवेगळं विचारलं तर येतं, एकत्र विचारलं की घोळ होतो. लक्षात कसं ठेवायचं?
(इंटर्न, चिपळूण)

हा प्रश्न मला दर परीक्षेच्या आधी येतो, म्हणून सविस्तर सांगते. तुम्ही दोन चार्ट दोन कागदांवर पाठ केलेत. एका कागदावरून दुसऱ्यावर जाणारा बाण कोणीच काढत नाही, आणि परीक्षक नेमका तिथेच उभा असतो.

आपल्याकडचाच प्रसंग घ्या. आंब्याच्या बागेत गवत काढताना चाळिशीच्या बाईंना फुरसं चावलं. रक्त गोठत नाही, म्हणून सर्पविषप्रतिबंधक लस सलाइनमधून सुरू केली. दहा मिनिटांत अंगावर गांध्या, उलटी, आवाज घोगरा, छातीत सूं-सूं, नाडी 130, रक्तदाब 80/50. इथून मोठ्याने बोलायला लागा.

"लस थांबवते, सुई काढत नाही. मदतीला हाक मारते. आडवं झोपवून पाय वर. ॲड्रेनलिन अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे एक हजारास एक द्रावणाचा अर्धा मिली, स्नायूत, मांडीच्या मध्यभागी बाहेरच्या बाजूला. ऑक्सिजन. नवीन सेटने सलाइन वेगात. पाच मिनिटांनी पुन्हा तपासते, सुधारणा नसेल तर तोच डोस पुन्हा."

नवीन सेट का, हे परीक्षक विचारतोच. जुन्या नळीत लस उरलेली असते. तीच नळी वापरून सलाइन वेगात सोडलंत तर ती लस आधी आत जाते. अर्धा मिली कशात ओढणार, हेही विचारतात. अर्धी मुलं "इन्सुलिन सिरिंज" म्हणतात. तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि सुई इतकी आखूड की औषध स्नायूपर्यंत न जाता कातडीखालीच राहतं. साधी एक किंवा दोन मिलीची सिरिंज आणि इंचभर सुई म्हणा.

आता परीक्षक म्हणतो, "बाई हाकेला ओ देत नाहीत, श्वास नाही." दहा सेकंदांच्या आत मानेची नाडी बघायची. ती नाही. हाच तो बाण. इथून पुढे कागद बदलतो: सीपीआर 30 ला 2, मिनिटाला 100 ते 120 दाब, पाच-सहा सेंटिमीटर खोल. मॉनिटरवर ठोके दिसतात पण नाडी नाही, म्हणजे पीईए. शॉक नाही. ॲड्रेनलिन आता एक मिलिग्रॅम, शिरेतून, मागून 20 मिली सलाइनचा फ्लश, दर तीन ते पाच मिनिटांनी. स्नायूतल्या इंजेक्शनवर आता अवलंबून राहता येत नाही, कारण रक्त फिरतच नाही. सलाइन मात्र जोरात चालू ठेवायचं, कारण शिरा सैल पडून आणि पाणी बाहेर झिरपून ही बाई आतून कोरडी पडलेली असते. चार 'एच'मधले ऑक्सिजनची कमतरता आणि रक्ताचं आकारमान कमी होणं हे दोन इथे आधी म्हणायचे.

घोळाची खूण कानाने ओळखता येते. ज्या वाक्यात मार्ग नाही, ते वाक्य चुकलेलं. "ॲड्रेनलिन एक मिलिग्रॅम देते" असं कोणी म्हटलं की मी लगेच विचारते, "कुठून? नाडी आहे का?" नाडी असलेल्या माणसाला एक मिलिग्रॅम शिरेतून एकदम दिलंत तर रक्तदाब भयानक चढतो, ठोके बिघडतात, आणि अरेस्ट तुम्हीच आणता. म्हणून सरावात आधी "नाडी आहे" किंवा "नाडी नाही" हे म्हणायचं, मग औषध, मात्रा, द्रावण, मार्ग, आणि पुन्हा कधी. यातला एक शब्द गळला की ऐकणाऱ्याने थांबवायचं आणि तीच चौकट पुन्हा म्हणायला लावायची.

हे सगळं प्रौढांचं. मुलांचा डोस वजनावर आणि वयावर ठरतो, तो तुमच्या बालरोग विभागाच्या तक्त्यावरून त्यांच्याच सरांकडून तपासून घ्या. आणि त्या बाईंना विषावरची लस पुन्हा द्यायची की नाही, हे सावरल्यावर वरिष्ठ ठरवतात. परीक्षेतही तसंच सांगा.

आमच्या पीएचसीत आधी एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन देतात, ॲड्रेनलिन शेवटी. परीक्षेत काय सांगू?
(बी.एस्सी. नर्सिंग, वेंगुर्ले)

ॲड्रेनलिन पहिलं. "आमच्याकडे असंच करतात" हे परीक्षेतलं उत्तर नव्हे, वॉर्डातलंही नव्हे. एव्हिल खाज आणि गांध्या कमी करतं. सुजलेला घसा आणि पडलेला रक्तदाब त्याने सावरत नाही. स्टेरॉइडला काम करायला काही तास लागतात, रुग्णाकडे मिनिटं असतात. एव्हिलने झोप येते, मग बाई गुंगीत आहेत की रक्तदाब पडलाय हे कळायला उशीर होतो. तुमच्या चार्टात या औषधांची चौकट पहिल्या ॲड्रेनलिनच्या वर असेल तर ती आजच खोडा. पीएचसीतला क्रम बदलायचा तर मेडिकल ऑफिसरांशी बोला, परस्पर बदलू नका.

एका क्लासवाल्याचा रंगीत चार्टचा संच मिळतोय, "शंभर टक्के हेच येणार" म्हणतात. घेऊ का?
(रत्नागिरी)

नको. असल्या एका संचात मी ॲनाफिलॅक्सिसच्या चौकटीत ॲड्रेनलिनपुढे नुसतं "1:1000" छापलेलं पाहिलंय, मात्रा नाही, मार्ग नाही. रंग मात्र सात. तुमच्या हाताने काढलेला चार्ट सरांकडून तपासून घ्या, त्याला पैसे पडत नाहीत.

शॉकेबल अरेस्टमध्ये ॲड्रेनलिन दुसऱ्या शॉकनंतर की तिसऱ्या? दोन पुस्तकांत दोन उत्तरं.
(इंटर्न, सावंतवाडी)

अमेरिकन पद्धतीच्या चार्टात दुसऱ्यानंतर, युरोपियन पद्धतीच्या चार्टात तिसऱ्यानंतर. तुमचा विभाग कोणता धरतो ते विचारा आणि मग एकच म्हणा. ॲमिओडॅरोन 300 मिलिग्रॅम तिसऱ्या शॉकनंतर, यावर दोघांचा वाद नाही.

वडिलांना गांधीलमाशी चावून अंगभर गांध्या उठल्या होत्या. मी हे सगळं पाठ केलंय, तर घरात ॲम्प्यूल आणून ठेवू का?
(विद्यार्थिनी, दापोली)

स्वतःच्या अकलेने नाही. फक्त गांध्या होत्या की धापही लागली, चक्कर आली, हे आधी डॉक्टरांना सांगा. गरज आहे का आणि असेल तर काय ठेवायचं, हे तेच ठरवतील. पुढच्या वेळी धाप किंवा चक्कर असेल तर 108 ला फोन करा. वडील "बसून बरं वाटेल" म्हणाले तरी त्यांना एकदम उठवू नका, चालवत रिक्षेपर्यंत नेऊ तर अजिबातच नका.