चार टक्के दंड भरून कर्ज लवकर फेडावं का?

पर्सनल लोन पाच लाखांचं, 14 टक्के, पाच वर्षांचं. दोन वर्षं झाली. बँक 4 टक्के प्रीपेमेंट चार्ज मागते. पैसे हातात आहेत, फेडू का?

फेडा. तुमचा हप्ता 11,634 रुपये, शिल्लक मुद्दल साधारण 3,40,400. उरलेल्या 36 हप्त्यांत सुमारे 78,400 रुपये व्याजाचे जातील. चार टक्क्यांवर 18 टक्के जीएसटी लागतो, म्हणजे खरा चार्ज 4.72 टक्के. तो होतो 16,070. तरी 62 हजार वाचतात. चार्ज शिल्लक मुद्दलावर आहे की मूळ कर्जावर, हे मात्र करारपत्रात वाचून घ्या. मूळ पाच लाखांवर असेल तर तो 23,600 होईल.

माझंही असंच कर्ज आहे, पण शेवटचे 12 हप्ते उरलेत. 7 टक्क्यांची एफडी मोडून मोकळं व्हावं असं वाटतं.

थांबा. मुद्दल जवळपास 1,29,600 उरलंय आणि व्याज फक्त दहा हजार, कारण व्याजाचा मोठा वाटा सुरुवातीच्या हप्त्यांतच जातो. चार्ज 6,116, म्हणजे वाचतात जेमतेम 3,900. एफडी तशीच ठेवली तर वर्षात सुमारे 9,700 व्याज येईल. मोडली आणि सुटलेला हप्ता दरमहा तेवढ्याच दराच्या आरडीत टाकला, तर साडेचार हजार. इथेच पाच हजारांहून अधिक हातचे गेले. व्याजावरचा आयकर धरला तर फरक कमी होतो, पण मुदतीआधी एफडी मोडल्याचा दंडही असतो. सात हप्ते उरले की एफडीचा विचार न करताही चार्ज आणि वाचणारं व्याज जवळपास सारखंच होतं. त्यानंतर फेडणं म्हणजे निव्वळ तोटा.

पहिल्या प्रश्नासारखीच स्थिती आहे, पण एक लाखच भरू शकते. हप्ता कमी करू की मुदत?

चार्ज दोन्हीकडे तेवढाच, 4,720. हप्ता कमी केलात तर व्याज वाचेल सुमारे 23 हजार. हप्ता तोच ठेवून मुदत कमी केलीत तर कर्ज 36 ऐवजी 24 महिन्यांत फिटेल आणि 42 हजार वाचतील. घरखर्चाची ओढाताण नसेल तर मुदतच कमी करा. अर्जावर तसं स्पष्ट लिहा आणि नवीन हप्त्यांचं वेळापत्रक मागून घ्या. चार्ज वेगळा भरलात की लाखातूनच कापला, तेही तपासा. कापला असेल तर मुद्दलातून लाखाऐवजी साडेपंच्याण्णव हजारांच्या आसपासच वजा झालेले दिसतील.

गृहकर्जालाही हाच हिशोब?

फ्लोटिंग दराचं वैयक्तिक गृहकर्ज असेल तर बँक असा चार्ज घेऊच शकत नाही. रिझर्व्ह बँकेने 2012 मध्येच तो बंद केला. मागितला तर लेखी तक्रार करा.