जेपीईजी लोगोतून रंग उचलताना अक्षरांच्या वाटेला जाऊ नका

> क्लायंटकडे लोगोची एकच जेपीईजी आहे, बरीच फॉरवर्ड होऊन आलेली. त्यातलं चिन्ह व्हेक्टरमध्ये पुन्हा काढायचंय. आयड्रॉपर दर क्लिकला वेगळाच लाल दाखवतो. नक्की कोणता धरू?

अगदी याच लालने मला एकदा रडवलंय. माझी चूक अशी की मी रंग लोगोच्या बारीक अक्षरांतून घेतला. दांड्याच्या मधोमध सगळ्यात गडद पिक्सेल होता, म्हटलं हाच शुद्ध. आयड्रॉपरने #892D3C दिला. स्टिकर कापून झाल्यावर मूळ फाईल आली. त्यात होता #C8102E. माझा आपला विटलेला मरून!

कारण साधं आहे. बहुतेक जेपीईजीत उजेड प्रत्येक पिक्सेलचा वेगळा साठवतात, पण रंगछटा 2×2 पिक्सेलना मिळून एकच असते. त्या चारात अर्धे लाल, अर्धे पांढरे असले की लाल पिक्सेलचा गडदपणा टिकतो आणि रंग अर्धा उडतो. शेजारचा पांढरा गुलाबी दिसतो तो त्यामुळेच. म्हणजे 'सगळ्यात गडद तो खरा' हा हिशेबच चुकीचा.

चिन्हातला मोठा सपाट भाग शोधा आणि कडेपासून निदान 16 पिक्सेल आत राहा, कारण असं जेपीईजी चित्र 16×16 पिक्सेलच्या ठोकळ्यांत साठवतं आणि कडेची खळबळ त्या ठोकळ्यापुरतीच पसरते. चित्र नंतर मोठं केलेलं असेल तर आणखी आत. सरासरीपेक्षा सर्वाधिक वेळा येणारा रंग बघा. मी हे वापरतो (आकडे: रुंदी, उंची, मग डावीकडून आणि वरून अंतर):

```
magick logo.jpg -crop 40x40+310+122 +repage -format %c histogram:info:-
```

तरी मिळालेला आकडा अचूक समजू नका. सपाट भागाचाही उजेड आणि छटा ठरावीक पायऱ्यांत गोल केलेले असतात, त्यामुळे दोन-तीन आकड्यांचा फरक राहतोच, निळ्यात सगळ्यात जास्त. फाईल अनेकदा सेव्ह झाली असेल तर त्याहून जास्त. हो, आधी पार्श्वभूमीचा पांढरा तपासा. तो 255, 255, 255 च्या आसपास नसेल तर अख्ख्या चित्रालाच झाक आहे, मग लाल मोजून उपयोग नाही. पीएनजी म्हणून सेव्ह करून काही सुधारत नाही, हेही सांगून ठेवतो.

माझ्या वेळी क्लायंटच्या प्रसिद्धी विभागाकडे तीनदा फाईल मागितली. तिन्ही वेळा तोच स्क्रीनशॉट, वर 'हीच ओरिजिनल आहे'. आणि मूळ व्हेक्टर त्यांच्याच लेटरहेडच्या पीडीएफमध्ये पडून होतं! म्हणून 'लोगो' मागूच नका, लेटरहेड किंवा ब्रोशरची पीडीएफ मागा. खूप झूम करूनही कड धारदार राहिली तर इंकस्केपमध्ये उघडून रंग थेट वाचा. फक्त छपाईसाठी केलेल्या पीडीएफमध्ये तो बहुधा सीएमवायकेत असतो, त्यावरून काढलेला स्क्रीनचा हेक्स माझ्या मते अंदाजच, क्लायंटकडून लेखी होकार घ्या.