नाव लपवून वायफाय लपत नाही

लातूरला खोलीवर शेजारची पोरं नेट वापरतात म्हणून तू राउटरच्या सेटिंगमध्ये Hide SSID, म्हणजे वायफायचं नाव लपवायच्या पर्यायावर टिक केलीस, पण त्यानं काही अडत नाही बघ. राउटर सेकंदाला साधारण 10 वेळा ‘मी इथं आहे’ असा संदेश सोडतच राहतो, फक्त त्यात नावाची जागा कोरी असते. तुझा फोन जोडला जाताना नाव उघडंच पाठवतो. हवेतले वायफाय संदेश टिपणारं फुकटचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्याला ते तेवढ्यात मिळतं.

उलट तोटाच आहे. लपवलेलं नेटवर्क फोनला आपणहून दिसत नाही, म्हणून तो नाव घेऊन हाका मारत फिरतो. सुट्टीत परभणीला गेलास तरी बसस्टँडवर तुझ्या खोलीच्या वायफायचं नाव पुकारणार! (नावात आडनाव टाकलंयस, ते आधी काढ.)

टिक काढ. फोनमधलं जुनं नेटवर्क Forget करून परत जोड, नाहीतर हाका चालूच राहतील. सुरक्षा WPA2 किंवा WPA3 ठेव, बटण किंवा पिननं जोडायची WPS सोय बंद कर. पासवर्ड नवा टाक, चार-पाच असंबद्ध शब्दांचा. मोबाईल नंबर नको, तो शेजाऱ्यांकडे असतोच.