किरायानाम्यात ‘दरवर्षी 5 टक्के वाढ’ एवढं लिहिणं पुरेसं आहे का?

*“इंदूरला वरचा मजला किरायाने देतोय. ‘दरवर्षी 5 टक्के वाढ’ लिहिलं की पुरे ना? नंतर कटकट नकोय.”*

नाही पुरत. मीही हेच वाक्य लिहून बसलो होतो. किराया 13,000, करार 1 जुलैपासून अकरा महिन्यांचा, भाषा हिंदी: ‘किराये में प्रतिवर्ष 5 प्रतिशत वृद्धि होगी’. किरायेदार भला माणूस, तरी तीन ठिकाणी अडलो.

पहिलं, तारीख. करार 31 मेला संपला. मी म्हटलं, 1 जूनपासून वाढ. तो म्हणाला, “काका, वर्ष तर 30 जूनला होतं.” कागदात ‘प्रतिवर्ष’ असल्यामुळे त्याचंच बरोबर होतं.

दुसरं, सुटे. 13,000 वर 5 टक्के म्हणजे 13,650. मी 13,700 धरले, त्याने 13,600. बरोब्बर मधोमध अडकलेली रक्कम, आणि कोणत्या बाजूला ढकलायची ते कुठेच लिहिलेलं नाही. शेवटी मी म्हणालो तसे 13,700 ठरले.

तिसऱ्या वर्षी खरी गंमत. मी 13,700 वर टक्के काढले: 14,385, म्हणजे 14,400. तो मूळ 13,000 वरच दरवर्षी 650 धरत होता: 14,300. फरक महिन्याला शंभराचा, पण रोज जिन्यात भेटणाऱ्या माणसाशी शंभरासाठी घासाघीस करायला नको वाटतं.

आता मी टक्क्यांच्या आधी सरळ आकडेच लिहितो:

“किराया दरमहा असा राहील: 1 जुलै 2026 ते 30 जून 2027, 13,000 रुपये, 1 जुलै 2027 ते 30 जून 2028, 13,700 रुपये, 1 जुलै 2028 ते 30 जून 2029, 14,400 रुपये. त्यापुढे राहणे झाल्यास दर 1 जुलैला, लगेच आधीच्या महिन्यात लागू असलेल्या किरायावर 5 टक्के वाढ होईल. येणारी रक्कम जवळच्या शंभरावर आणावी; वर नेमके 50 उरल्यास पुढचे शंभर धरावेत. ही वाढ फक्त किरायावर. वीजबिल व अनामत रक्कम यांत धरू नये.”

या नियमाने चौथ्या वर्षी 15,120 येतात, म्हणजे किराया 15,100. वरचे वीस मालकाने सोडायचे.

एक मात्र सांभाळा. तीन वर्षांची मुदत दिलीत तर करार नोंदवावाच लागतो. एका वर्षापेक्षा मोठ्या मुदतीला नुसती नोटरी चालत नाही. अकरा महिन्यांवरच राहायचं असेल तर या कागदात पहिलाच आकडा ठेवा आणि पुढच्या करारात 13,700 घाला, पण तो कधीपासून, 1 जून की 1 जुलै, हे आत्ताच बोलून घ्या. आणि रकमा अक्षरातही लिहा. आमच्याकडच्या टायपिस्टने एकदा 13,700 चे 17,300 करून दिले होते.