शेवटचा हप्ता अल्बमवर अडकवू नकोस

घोडबंदर रोडच्या हॉलमधल्या लग्नाच्या फोटोग्राफीचं 60,000 चं काम घेतोयस ना? मग करारात आधी काम मोजून लिही: सकाळी 8 ते रात्री 8, एडिट केलेले 300 फोटो, 40 पानी अल्बम एक. हळदीचा उल्लेख नसेल, तर ती त्यातच धरली जाते. जादा तासाचा दरही लिही.

पैसे असे: तारीख धरताना 20,000, लग्नाच्या आदल्या दिवशी 30,000, एडिट केलेले फोटो देण्याआधी 10,000. बरेच जण शेवटचा हप्ता अल्बमवर ठेवतात आणि तिथेच फसतात, कारण घरचे लोक अल्बमसाठी फोटो निवडायला महिनोन्‌महिने लावतात. निवडीला 30 दिवसांची मुदत घाल. त्यानंतर निवड तुझी. तुझ्या आणि ग्राहकाच्या सह्या झाल्यावरच तारीख पक्की कर.